पीपीटी मराठीत आणताना चौकट का फुटते?

समजा, एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आशा कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण आहे. विषय लहान मुलांमधला अतिसार. वरून आलेली पीपीटी इंग्रजीत आहे आणि ती मराठीत करून हवी आहे. तिच्यातल्या एका स्लाइडवर पाच निळ्या चौकटी ओळीने मांडल्या आहेत, मध्ये बाण आहेत. चौकटींत एकेक शब्द : असेस, रीहायड्रेट, झिंक, फीड, फॉलो-अप. पुढच्या स्लाइडवर जलशुष्कतेच्या लक्षणांचा तक्ता, मग झिंकच्या मात्रेचे मुद्दे आणि शेवटी एक स्तंभालेख.

भाषांतर करणारा प्रत्येक चौकटीतला इंग्रजी मजकूर निवडतो, त्यावर मराठी मजकूर चिकटवतो आणि काम संपले असे समजतो. पडद्यावर मात्र वेगळेच दिसते. पहिल्या चौकटीतले ‘जलशुष्कतेचे मूल्यमापन’ खालच्या कडेतून बाहेर आले आहे. तक्ता वाढत वाढत तळाच्या पट्टीवर चढला आहे. झिंकच्या मात्रेची स्लाइड तेवढी नीटनेटकी दिसते, सगळे मुद्दे चौकटीत बसलेले. पण तिच्यातली अक्षरे इतकी बारीक झाली आहेत की मागच्या रांगेतल्या बाईंना ‘अर्धी गोळी’ आणि ‘एक गोळी’ यांतला फरक वाचता येत नाही. मजकूर बाहेर आला तर चूक निदान डोळ्यांना दिसते. गुपचूप आकसलेला मजकूर तपासणाऱ्याच्याही नजरेतून सुटतो, म्हणून या तिन्हींतला सर्वांत धोक्याचा प्रकार तोच.

मराठी मजकूर इंग्रजीपेक्षा लांब होतो, त्यामुळे तो चौकटीत बसत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. त्यात थोडे तथ्य आहे. पण विभक्तीप्रत्यय शब्दालाच जोडले जात असल्याने मराठी वाक्यात शब्दांची संख्या अनेकदा इंग्रजीपेक्षा कमीच भरते, आणि ओळीची लांबी फार बदलत नाही. खरी अडचण उंचीची आहे. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार येतात. खाली उकार, ऋकार आणि एकाखाली एक रचलेली जोडाक्षरे येतात. ‘कृमींमुळे’ या एका शब्दात वरही आणि खालीही जागा लागते. त्यामुळे देवनागरी फॉन्ट आखणारे एका ओळीसाठी मुळातच जास्त उंची राखून ठेवतात.

ही उंची मोजून पाहता येते. इंग्रजी पीपीटींमध्ये वर्षानुवर्षे सर्रास दिसणाऱ्या कॅलिब्री या फॉन्टची ओळ अक्षराच्या आकाराच्या साधारण १.२२ पट उंच असते. विंडोजबरोबर येणाऱ्या निर्मला यूआय या फॉन्टमध्ये हे प्रमाण सुमारे १.३३ आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने घडवलेल्या आणि मोफत मिळणाऱ्या मुक्ता या देखण्या फॉन्टमध्ये ते सुमारे १.६६ आहे.

आता पाच चौकटींच्या स्लाइडकडे वळता येईल. प्रत्येक चौकट २.२ इंच रुंद आणि १ इंच उंच आहे असे धरू. एका इंचात ७२ पॉइंट असतात. पॉवरपॉइंट चौकटीच्या आत वर आणि खाली प्रत्येकी ३.६ पॉइंटांची मोकळी जागा आपणहून सोडतो, म्हणजे मजकुराला उरतात जेमतेम ६५ पॉइंट. अक्षर २४ पॉइंटांचे असेल तर कॅलिब्रीच्या दोन ओळींना ५९ पॉइंट लागतात, त्या सहज बसतात. निर्मलाच्या दोन ओळींना ६४ लागतात, त्याही कशाबशा बसतात. मुक्ताच्या दोन ओळींना मात्र ८० पॉइंट लागतात, म्हणजे दुसरी ओळ चौकटीबाहेर जाणारच. मजकूर तोच, आकार तोच, चौकट तीच. केवळ फॉन्ट बदलल्याने एक स्लाइड बसते आणि दुसरी फुटते. म्हणूनच फॉन्टचा निर्णय भाषांतराच्या आधी घ्यावा लागतो. बहुतेक ठिकाणी तो सगळ्यांत शेवटी, तोही नकळत घेतला जातो.

नकळत म्हणण्याचे कारण पॉवरपॉइंटच्या फाइलच्या पोटात आहे. आजची `.pptx` फाइल म्हणजे प्रत्यक्षात एक झिप केलेले गाठोडे असते. फाइलची एक प्रत काढून तिच्या नावाचा शेवट `.zip` असा केला की ते उघडून बघता येते. आत प्रत्येक स्लाइडची वेगळी फाइल असते आणि सगळ्या पीपीटीचे रंग व फॉन्ट ठरवणारी ‘थीम’ वेगळी असते. मायक्रोसॉफ्टच्या नेहमीच्या थीममध्ये लिपीनुसार फॉन्टांची एक लांबलचक यादी आहे. तिच्यातली देवनागरीची ओळ अशी :

```xml
<a:font script="Deva" typeface="Mangal"/>
```

म्हणजे इंग्रजीसाठी कॅलिब्री निवडला असला तरी देवनागरी अक्षर आले की वळायचे मंगलकडे, अशी सोय आधीच करून ठेवलेली आहे. मंगल विंडोज २००० च्या काळापासून आहे आणि त्याची ओळही चांगलीच उंच असते. त्यात आणखी एक गुंता आहे. विंडोज १० पासून मंगल हा संगणकावर आपोआप येणारा फॉन्ट राहिलेला नाही, तो देवनागरीच्या पूरक फॉन्टांबरोबर वेगळा बसवावा लागतो. जिथे तो बसवलेला नसतो तिथे विंडोज दुसरा फॉन्ट पुढे करते, बहुधा निर्मला. परिणामी भाषांतर करणाऱ्याच्या संगणकावर नीट बसलेली स्लाइड सभागृहातल्या संगणकावर वेगळी दिसते, आणि नेमके काय बिघडले हे कोणालाच कळत नाही.

त्यामुळे कामाची पहिली पायरी म्हणजे मूळ फाइलची प्रत काढून `Slide Master` उघडणे. तिथे शीर्षकाला आणि मुख्य मजकुराला ठरवलेला देवनागरी फॉन्ट एकदा दिला की त्या साच्यावर बेतलेल्या सगळ्या स्लाइडना तो लागू होतो. निळ्या चौकटींसारख्या स्वतंत्र काढलेल्या आकृत्यांवर मात्र मास्टरमधल्या या बदलाचा अंमल चालत नाही. त्या निवडून त्यांना वेगळा फॉन्ट द्यावा लागतो. शिवाजी किंवा श्री-लिपी यांसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व पद्धतीच्या फॉन्टमधला मजकूर आयता मिळाला असेल तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. त्या पद्धतीत पडद्यावर मराठी दिसत असली तरी फाइलमध्ये रोमन अक्षरांचेच संकेतांक साठवलेले असतात. फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्याची निरर्थक रोमन अक्षरे होतात.

मास्टरमध्येच ओळींमधल्या अंतराचाही निकाल लावता येतो. पॉवरपॉइंटमध्ये हे अंतर टक्क्यांत देण्याची पद्धत आहे, आणि नेहमीच्या साच्यात मुख्य मजकुरासाठी ते ९० टक्के असते. टक्के म्हणजे फॉन्टच्या स्वतःच्या ओळीच्या उंचीचे टक्के. त्यामुळे मुक्ताचे ८० टक्के आणि निर्मलाचे १०० टक्के जवळपास सारखेच भरतात. मुक्ताच्या ओळी ८० टक्क्यांवर मोकळ्या वाटतात, पण निर्मलाच्या ओळी तेवढ्यावर आणल्या की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीत घुसतो. टक्क्यांऐवजी `Exactly` हा पर्याय निवडून अंतर थेट पॉइंटांत दिले की हा घोळ मिटतो. २४ पॉइंटांच्या अक्षराला ३२ पॉइंट, २० च्या अक्षराला २७, असे अक्षराच्या साधारण १.३३ पट अंतर बहुतेक देवनागरी फॉन्टांना पुरते. त्याखाली उतरण्याआधी ‘कृमींमुळे’, ‘मूर्च्छा’, ‘सर्वांसाठी’ असे शब्द एकाखाली एक लिहून त्यांची टोके एकमेकांना टेकत नाहीत ना, हे डोळ्यांनी बघावे.

आता त्या गुपचूप आकसणाऱ्या अक्षरांकडे वळायला हवे. पॉवरपॉइंटमध्ये प्रत्येक चौकटीला तीनपैकी एक सवय लावलेली असते. साच्यातून आलेल्या मजकुराच्या चौकटी `Shrink text on overflow` या सवयीच्या असतात. मजकूर वाढला की त्या अक्षरे लहान करतात. नव्याने काढलेली टेक्स्ट बॉक्स मजकुराबरोबर स्वतः वाढते. चौकोन, वर्तुळ अशा आकृत्या काहीच करत नाहीत, मजकूर सरळ कडेबाहेर जातो. अक्षरे आकसली की त्याची नोंद स्लाइडच्या फाइलमध्ये अशी पडते :

```xml
<a:normAutofit fontScale="62500" lnSpcReduction="20000"/>
```

पहिला आकडा म्हणजे ६२.५ टक्के आणि दुसरा म्हणजे ओळींमधले अंतर २० टक्क्यांनी कमी. २४ पॉइंटांच्या मजकुराचे पडद्यावर १५ पॉइंट होतात. इंग्रजीत ही तडजोड कशीबशी निभावते. देवनागरीत ती दुहेरी त्रास देते, कारण अक्षर बारीक झाल्यावर ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ दुरून सारखे दिसू लागतात, आणि ओळी जवळ आल्याने मात्रा व उकार एकमेकांत मिसळतात.

या नोंदीचे आणखी एक वैशिष्ट्य भाषांतर करणाऱ्याला ठाऊक असायला हवे. मजकूर पॉवरपॉइंटबाहेरच्या एखाद्या भाषांतर सॉफ्टवेअरने बदलला, तर आकसण्याचा आकडा जुन्या इंग्रजी मजकुराचाच राहतो. फाइल उघडली की मजकूर चौकटीबाहेर लोंबताना दिसतो. मग कोणीतरी एक स्वल्पविराम सुधारायला त्या चौकटीत टाइप करते, आणि सगळा परिच्छेद एकदम लहान होतो. फाइल बिघडली असे वाटते, पण पॉवरपॉइंटने एवढेच केलेले असते की नव्या मजकुराचा हिशेब त्या क्षणी पहिल्यांदा मांडलेला असतो.

यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे भाषांतराला हात घालण्यापूर्वी चौकटींची ही सवय बंद करणे. चौकटीवर उजवी कळ दाबून `Format Shape` मध्ये मजकुराच्या पर्यायांत `Do not Autofit` निवडायचे. हे मास्टरमध्येच केले तर पुन्हा पुन्हा करावे लागत नाही. ज्या स्लाइडवर आधीच आकसण्याची नोंद पडलेली आहे, तिथे मात्र ते स्वतंत्रपणे करावे लागते. आता मजकूर जास्त झाला की तो उघडपणे बाहेर येतो, आणि त्याचे काय करायचे ते माणूस ठरवतो. स्मार्टआर्ट नावाच्या तयार आकृत्यांमध्ये तर ही काळजी अधिकच हवी. तिथे सारख्या पातळीवरच्या सगळ्या चौकटींतली अक्षरे एकाच आकाराची ठेवली जातात, त्यामुळे पाचांपैकी एका चौकटीत लांब शब्द आला तर उरलेल्या चौघींचीही अक्षरे बारीक होतात. अशा आकृतीचे साध्या आकृत्यांत रूपांतर करून मगच भाषांतर करणे बरे.

मग जास्तीच्या मजकुराचे करायचे काय? इथे खरे भाषांतर सुरू होते. ‘असेस’साठी ‘जलशुष्कतेचे मूल्यमापन’ आणि ‘रीहायड्रेट’साठी ‘ओआरएसद्वारे पुनर्जलीकरण’ हे शब्द चुकीचे नाहीत. पण ही चौकट आशाताईंनी काय करायचे ते सांगते. ‘बाळ तपासा’, ‘ओआरएस पाजा’, ‘झिंक द्या’, ‘आहार चालू ठेवा’, ‘पुन्हा भेट द्या’ असे लिहिले की पाचही चौकटी २४ पॉइंटांत, एक किंवा दोन ओळींत बसतात आणि पाचही वाक्ये एका घाटाची होतात. तत्सम नामे मराठीत लांब आणि उंच होतात, कारण त्यांत जोडाक्षरे आणि रफार जास्त असतात. क्रियापदाची वाक्ये आखूड होतात, वाचायला सोपी होतात आणि बोलण्याच्या जवळ जातात. चौकटीची अट इथे मराठीच्या फायद्याचीच ठरते.

अरुंद चौकटींचा प्रश्न वेगळा आहे. तक्त्याशेजारी १.२ इंच रुंदीची उभी पट्टी असेल, तर आतली मोकळी जागा वजा जाता मजकुराला फक्त ७२ पॉइंट रुंदी मिळते. २४ पॉइंटांत ‘जलशुष्कता’ हा शब्द तिच्यात मावत नाही. पॉवरपॉइंटमध्ये शब्द संयोगचिन्ह देऊन तोडण्याची सोय नाही, त्यामुळे तो शब्द कुठेही तुटतो आणि ‘ता’ एकटा खालच्या ओळीवर जातो. अशा जागी अक्षर लहान करण्याआधी चौकटीच्या आतली डावी-उजवी मोकळी जागा कमी करून पाहावी. ती प्रत्येकी ०.१ इंच असते, म्हणजे या पट्टीत रुंदीचा सहावा भाग तिनेच खाल्लेला असतो. तेवढ्याने भागले नाही तर शेजारचा स्तंभ थोडा आवळून पट्टी रुंद करावी.

पण मजकूर कमी करण्याला मर्यादा आहे, आणि ती मर्यादा याच पीपीटीतल्या तक्त्यात सगळ्यांत स्पष्ट दिसते. जलशुष्कता ओळखण्यासाठी बाळाच्या पोटावरची त्वचा चिमटीत धरून सोडतात. त्वचा लगेच पूर्ववत झाली तर चिंता नाही. हळू झाली तर ते ‘काही जलशुष्कते’चे एक लक्षण. दोन सेकंदांहून जास्त वेळ लागला, म्हणजे ती फार हळू पूर्ववत झाली, तर ते तीव्र जलशुष्कतेचे लक्षण, आणि दुसरे एखादे तीव्र लक्षणही सोबत असेल तर बाळाला तातडीने रुग्णालयात न्यावे लागते. इंग्रजी तक्त्यात प्रत्येक खान्यात पूर्ण वाक्य आहे. त्याचे सरळ मराठी होते, ‘चिमटा सोडल्यावर त्वचा फार हळू पूर्ववत होते’. हे वाक्य खान्यात तीन ओळी घेते. पॉवरपॉइंटच्या तक्त्यात अक्षरे आपोआप लहान होत नाहीत, ओळ उंच होते आणि तक्ता खाली सरकतो. डोळे, तहान, वागणूक आणि त्वचा अशा चार लक्षणांच्या ओळी प्रत्येकी थोड्या थोड्या वाढल्या की तक्ता स्लाइडच्या तळाबाहेर जातो.

घाईत असलेला भाषांतरकार इथे ‘फार’ हा शब्द गाळण्याची शक्यता असते, कारण तो लहान दिसतो आणि तेवढ्याने एक ओळ वाचते. तो गाळला की दोन खान्यांत एकच लक्षण लिहिले जाते, आणि कोणते बाळ रुग्णालयात पाठवायचे याची खूणच पुसली जाते. कमी करायचे असेल तर तिन्ही खान्यांत पुन्हा पुन्हा येणारा भाग कमी करावा. तो भाग ओळीच्या मथळ्यात एकदाच लिहायचा : ‘पोटाचा चिमटा सोडल्यावर त्वचा पूर्ववत होते’. मग तीन खान्यांत उरते ‘लगेच’, ‘हळू’ आणि ‘फार हळू, २ सेकंदांहून जास्त’. डोळ्यांच्या ओळीत ‘खोल गेलेले’, तहानेच्या ओळीत ‘अधाशीपणे पिते’ आणि ‘पिऊ शकत नाही’. तक्ता मूळच्या उंचीत बसतो, आणि फरक सांगणारे शब्द इंग्रजीपेक्षाही ठसठशीत दिसतात. पहिला स्तंभ थोडा रुंद करावा लागतो. मांडणी जपायची म्हणजे प्रत्येक रेघ जिथल्या तिथे ठेवायची असे नाही. वाचणाऱ्याची नजर मूळ स्लाइडवर ज्या क्रमाने फिरते, तो क्रम जपायचा.

झिंकच्या मात्रेच्या स्लाइडवर वेगळीच अडचण येते. ती उंचीची किंवा रुंदीची नसून ठळक अक्षरांची आहे. इंग्रजी वाक्यात मात्रा आणि दिवस ठळक केलेले असतात. फाइलमध्ये असे वाक्य एकसंध नसते, ठळक आणि साध्या तुकड्यांत चिरलेले असते :

```xml
<a:r><a:t>Give </a:t></a:r>
<a:r><a:rPr b="1"/><a:t>20 mg</a:t></a:r>
<a:r><a:t> zinc daily for </a:t></a:r>
<a:r><a:rPr b="1"/><a:t>14 days</a:t></a:r>
```

मराठीत क्रियापद शेवटी जाते आणि शब्दांचा क्रम बदलतो : ‘झिंक रोज २० मि.ग्रॅ., असे १४ दिवस द्यावे’. तुकड्यामागून तुकडा भरत गेले तर ठळकपणा चुकीच्या शब्दांवर बसतो, आणि ‘द्यावे’ ठळक होऊन ‘१४ दिवस’ साधे राहतात. त्यामुळे वाक्य आधी सलग लिहून घ्यावे आणि ठळकपणा नंतर पुन्हा हाताने द्यावा. सहा महिन्यांवरच्या मुलांना २० मि.ग्रॅ., दोन ते सहा महिन्यांच्या बाळांना १० मि.ग्रॅ., दोघांनाही १४ दिवस. २० मि.ग्रॅ.च्या गोळीतून लहान बाळाला अर्धी गोळी. इथे ‘२०’ ओळीच्या शेवटी आणि ‘मि.ग्रॅ.’ पुढच्या ओळीच्या सुरुवातीला, असे तुटता कामा नये. आकडा आणि एकक यांच्यामध्ये न तुटणारी मोकळी जागा, युनिकोडमधली `U+00A0`, टाकली की दोघे एकत्रच खालच्या ओळीवर जातात.

इंग्रजी पीपीटी बनवणाऱ्यांची आणखी एक सवय इथे भोवते. ओळ सुबक दिसावी म्हणून ते वाक्याच्या मध्येच एंटर दाबतात. त्यामुळे एका वाक्याचे दोन मुद्दे होतात, आणि भाषांतर सॉफ्टवेअर ते दोन स्वतंत्र वाक्ये म्हणून पुढे करते. मराठीत त्यांची जुळणी होत नाही. असे तुकडे आधीच जोडून घ्यावेत. मात्र त्या स्लाइडवर मुद्दे एकामागून एक उमटण्याचे अॅनिमेशन असेल, तर ते परिच्छेदांच्या क्रमांकांवर बांधलेले असते. परिच्छेद जोडले किंवा तोडले की भलताच मुद्दा आधी उमटतो. म्हणून जोडणी झाल्यावर स्लाइड शो चालवून क्रम पाहिलाच पाहिजे.

काही सजावटी इंग्रजीत शोभतात आणि मराठीत सरळ नुकसान करतात. शीर्षकांत अक्षरांमधले अंतर वाढवलेले असेल तर देवनागरीची शिरोरेषा जागोजागी तुटते आणि शब्द विस्कटतो. ते अंतर शून्यावर आणावे. तिरप्या अक्षरांचा वेगळा घाट बहुतेक देवनागरी फॉन्टांत नसतो, संगणक उभे अक्षरच नुसते कलते करतो आणि मात्रा कुठल्या कुठे झुकतात. जिथे तिरपे अक्षर होते तिथे ठळक अक्षर किंवा रंग वापरावा. एकाखाली एक अक्षर लिहिलेल्या उभ्या पट्ट्या मराठीत आडव्या कराव्यात किंवा संपूर्ण शब्दच ९० अंशांत फिरवावा.

आलेखाचे मराठीकरण लोक सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात घाईने करतात. स्तंभालेखाखालची नावे स्लाइडवरच्या मजकुरासारखी नसतात, ती आलेखाला जोडलेल्या छोट्या एक्सेल पत्रकातून येतात. ती `Edit Data` मधून बदलली नाहीत तर पुढच्या वेळी कोणी आकडे सुधारले की इंग्रजी नावे परत येतात. दुसरी गोष्ट, मराठी नावे स्तंभाखाली मावली नाहीत की पॉवरपॉइंट ती आपोआप तिरकी करतो. तिरकी देवनागरी वाचायला फारच कष्ट पडतात. अशा वेळी स्तंभालेखाचा आडव्या पट्ट्यांचा आलेख करावा. नावे डावीकडे सरळ ओळीत येतात, त्यांना हवी तेवढी रुंदी मिळते, आणि आकड्यांचा अर्थ तसाच राहतो. काळाचा प्रवाह दाखवणारा आलेख मात्र आडवा करू नये, तिथे ‘जानेवारी’ऐवजी ‘जाने.’ अशी रुळलेली संक्षेपरूपे वापरावीत.

तपासणीसाठी दोन नजरा लागतात. एक जवळची, फक्त अक्षरे बघणारी. ‘दुसऱ्या’, ‘पाजणाऱ्या’ यांतला अर्धा र काही ठिकाणी एका अदृश्य जोडचिन्हाच्या आधाराने लिहिलेला असतो. फाइल दोन-तीन सॉफ्टवेअरांतून फिरताना ते चिन्ह गळून पडले की ‘दुसर्या’ असा रफार उमटतो. नुक्ता असलेला ‘ऱ’ थेट टाइप करून लिहिलेले रूप या प्रवासात टिकते. दुसरी नजर दुरून बघणारी. `Slide Sorter` मध्ये इंग्रजी आणि मराठी फाइल शेजारी शेजारी लावून प्रत्येक जोडी बघितली की कोणत्या स्लाइडवर मजकुराचा ठोकळा गडद झाला आहे, कुठे मोकळी जागा संपली आहे, ते न वाचताही जाणवते. अशा स्लाइडवर आकसण्याची नोंद उरली आहे का हे फाइलच्या झिपमध्ये `fontScale` शोधून पाहता येते. झिंकच्या स्लाइडसाठी तिसरी तपासणी हवी : ती पडद्यावर लावून सभागृहाच्या शेवटच्या खुर्चीवरून, पीपीटी आधी न वाचलेल्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्यावी.

फाइल पाठवण्याच्या वेळी फॉन्टही तिच्याबरोबर जायला हवा. विंडोजच्या पॉवरपॉइंटमध्ये `Options` मधल्या `Save` विभागात `Embed fonts in the file` असा पर्याय आहे. फॉन्टच्या परवान्यात तशी मुभा असेल तरच तो चालतो. मुक्तासारखे मोफत फॉन्ट त्यासाठी सोयीचे पडतात. मॅकवर निर्मला किंवा मंगल असेलच असे नाही, तिथे कोहिनूर देवनागरी असतो आणि त्याच्या ओळीची उंची निराळी. सभागृहात कोणता संगणक मिळेल याची खात्री नसेल तर पीपीटीसोबत तिची पीडीएफही पाठवावी. पीडीएफमध्ये अॅनिमेशन चालत नाही, पाचही चौकटी एकदमच दिसतात, पण ‘अर्धी गोळी’ हे शब्द ठरवलेल्या आकारात, ठरवलेल्या जागीच राहतात.